प्रिंटर स्वस्त, पान महाग

जूनमध्ये शाळा उघडल्या की अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात जा, प्रिंटरच्या खोक्यांची थप्पी दारातच दिसते. प्रोजेक्ट आले, वर्कशीट आल्या, प्रिंटर हवाच. मशीन ऑफरमध्ये, सोबत पहिली कार्ट्रिज. घेणारा खूश होऊन घरी जातो. दिवाळीच्या आत शाई संपते. काळी आणि रंगीत अशा जोडीची किंमत विचारली की कळतं, मशीनच्या निम्मे पैसे पुन्हा मोजायचे आहेत.

याला नशीब म्हणू नका. हा हिशोब आहे.

आणि तो एका किमतीचा नाही, दोन किमतींचा आहे. प्रिंटरची किंमत आणि शाईची किंमत एकाच टेबलावर, एकाच वेळी ठरते. आपण मात्र एक आज बघतो आणि दुसरी सहा महिन्यांनी. विकणाऱ्याचा सगळा फायदा या सहा महिन्यांत दडलेला आहे.

‘मशीन फुकटात, शाईत लूट’ एवढं तर नाक्यावरचा कोणीही सांगेल. पण कंपनीला लूटच करायची असेल तर ती मशीनवरच का करत नाही? नफा मशीनमधून काढा नाहीतर शाईतून, पैसे तेवढेच की! मग एवढा खटाटोप कशाला?

कारण पैसे तेवढेच नसतात.

एक इमारत डोळ्यांसमोर आणा. वर ३० घरं, तळमजल्यावर एक ट्यूशन क्लास. आकडे मी सोयीसाठी धरलेत, पण पद्धत खरी आहे. घराला महिन्याला ३० पानं लागतात, क्लासला २००. मशीन तीन वर्षं चालतं. म्हणजे घराची १,०८० पानं आणि क्लासची ७,२००. खाली रस्त्यावर झेरॉक्सवाला एका प्रिंटआउटचे ५ रुपये घेतो, त्यामुळे पानामागे ५ रुपयांच्या वर कोणीच जाणार नाही. कंपनीला मशीन पडतं ३,५०० रुपयांना आणि शाई पानाला ५० पैशांना.

आता कंपनीने सरळ मार्ग धरला आणि शाई पडत्या भावात, ५० पैशांनी दिली, असं समजा. घराचे पानामागे साडेचार रुपये वाचतात, म्हणून घर मशीनला जास्तीत जास्त ४,८६० रुपये देईल. क्लासचे तेवढेच वाचतात, पण पानं जास्त, त्यामुळे तो ३२,४०० रुपयांपर्यंत जाईल. कंपनीला किंमत मात्र एकच छापायची आहे. ४,८६० छापली तर ३१ मशीनं खपतात आणि नफा होतो ४२,१६० रुपये. ३२,४०० छापली तर एकटा क्लास घेतो आणि नफा २८,९००.

पहिल्यात क्लास फुकटात सुटतो. दुसऱ्यात ३० घरं जातात.

मग तिसरी वाट निघते. मशीन २,१०० रुपयांना द्यायचं, म्हणजे पडत्या किमतीपेक्षा १,४०० रुपयांनी कमी. आणि शाई पानाला ३ रुपये. घर तीन वर्षांत मशीनचे २,१०० आणि शाईचे ३,२४० असे ५,३४० रुपये देतं. झेरॉक्सवाल्याकडे त्याचे ५,४०० गेले असते, म्हणून ते घर खुशीत मशीन घेतं. कंपनीला त्या घरामागे १,३०० रुपये सुटतात. क्लासही घेतो. त्याच्या ७,२०० पानांवर पानामागे अडीच रुपये, म्हणजे १८,००० रुपये मिळतात आणि मशीनवरचे १,४०० वजा जाऊन १६,६०० उरतात. सगळ्या इमारतीचा नफा ५५,६०० रुपये.

मशीन तोट्यात, आणि नफा सगळ्यात जास्त!

यात घराचं काय झालं ते नीट पाहा. सरळ मार्गात घराचे मशीनचे ४,८६० आणि शाईचे ५४० मिळून ५,४०० गेले असते. आता ५,३४० जातात. घराला फरक जवळपास शून्य. क्लासचे मात्र ८,४६० ऐवजी २३,७०० रुपये जातात. म्हणजे स्वस्त प्रिंटर घराला फसवण्यासाठी काढलेला नाही. तो क्लासला गाठण्यासाठी काढलाय.

शाईची कार्ट्रिज म्हणजे मीटर. जो जास्त छापतो त्याची गरज मोठी, आणि ज्याची गरज मोठी त्याच्याकडून जास्त घ्यायचं. दुकानदाराला गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघून भाव सांगावा लागत नाही. गिऱ्हाईकच पान छापून छापून आपला भाव सांगत राहतं.

मग मशीन एकदम फुकटच का नाही देत?

कारण फुकट मशीन न छापणारेही घेऊन जातील, आणि त्या प्रत्येकामागे कंपनीचे ३,५०० बुडतील. थोडी का होईना किंमत लावली की निदान छापणारा माणूस दुकानात येतो.

दुसरं कारण जास्त मजेशीर आहे. मशीनच्या खोक्यात कार्ट्रिज असते. मशीन नव्या कार्ट्रिजच्या जोडीपेक्षा स्वस्त झालं तर लोक शाई संपल्यावर शाई घेणार नाहीत, नवीन मशीनच घेतील. मुंबईकराला हे सांगावं लागत नाही, तो ते आधीच करून बसलेला असतो. म्हणून अनेक मशीनांसोबत येणारी पहिली कार्ट्रिज अर्धवट भरलेली असते. बाहेरून अगदी तीच, आत पानं कमी. खोक्यावर ‘स्टार्टर’ किंवा ‘सेटअप’ असा शब्द दिसला की समजा, ही चव दाखवण्यापुरती आहे.

आणि शाई वाट्टेल तेवढी महाग करता येत नाही. वरची सीमा खालच्या झेरॉक्सवाल्याची. त्याच्या ५ रुपयांच्या जवळ गेलात की लोक पेन ड्राइव्ह घेऊन जिना उतरतात. त्याच्याही आधी ते छापणंच कमी करतात. सोसायटीची नोटीस व्हॉट्सअॅपवर जाते, तिकीट मोबाइलमध्ये राहतं. पान महाग झालं की पानं घटतात आणि मीटर हळू फिरतो. दोन किमती या सगळ्या कुंपणांच्या आत बसवायच्या असतात.

पण हे गणित एका खिळ्यावर टांगलेलं आहे. मशीन माझं, तर शाईही माझीच.

तो खिळा निघाला की सगळं खाली.

हा खिळा आजचा नाही. शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि युनियनची पत्रकं सायक्लोस्टाइलवर निघायची, ते यंत्र आठवतंय? अमेरिकेतली ए. बी. डिक ही कंपनी तसंच यंत्र विकायची आणि त्यावर अट चिकटवायची: स्टेन्सिल, कागद, शाई, सगळं आमचंच वापरा. हेन्री नावाच्या विक्रेत्याने त्या यंत्राच्या मालकिणीला शाईचा एक डबा विकला. खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १९१२ साली कंपनी जिंकली. लोक इतके चिडले की १९१४ च्या क्लेटन कायद्यात अशा अटींवर बंधन आलं, आणि १९१७ साली त्याच न्यायालयाने तो निकाल फिरवला.

शाईचा एक डबा, आणि देशाचा कायदा बदलला.

आपल्याकडे कोर्टाची वाट कोणी पाहिली नाही. आपल्याकडे रिफिलवाला आला.

उपनगरात स्टेशनजवळच्या अरुंद गाळ्यांत, कोर्टाबाहेरच्या टायपिंगवाल्यांच्या ओळीत, कॉलेजच्या फाटकासमोर हा माणूस सापडतो. एचपीचा लेझरजेट १०२० घेऊन बसलेली किती दुकानं पाहिलीत? त्या मशीनचा १२ए टोनर एवढा चालला त्याला कारण आहे. त्या टोनरला चिप नाही. कंपनीच्या हिशोबाने तो २,००० पानं देतो. रिफिलवाल्याच्या हिशोबाने ती तर सुरुवात आहे.

काम बघण्यासारखं असतं. दोन्ही बाजूंच्या पिना काढल्या की टोनरचे दोन भाग होतात. एकात पावडरची टाकी आणि काळा रोलर, दुसऱ्यात चकचकीत ड्रम आणि त्याच्या मागे वाया गेलेल्या पावडरची पेटी. ड्रमला उजेड बाधतो, म्हणून तो आधी कापडाखाली जातो. मग पेटी रिकामी, वायपर ब्लेड पुसलेलं, टाकीत बाटलीतली शंभरेक ग्रॅम पावडर, पुन्हा पिना, आणि एक टेस्ट पेज. दोन-तीनशे रुपयांत काम फत्ते. नव्या ओरिजिनल टोनरची किंमत हजारांत.

आता हे सगळं गोड गोड आहे असं मी म्हणणार नाही. ड्रम झिजतो. दोन-तीन रिफिलनंतर पानावर उभी काळी रेघ आली तर ड्रम खरवडलाय किंवा वायपर ब्लेड गेलंय. एकच ठिपका साधारण साडेसात सेंटीमीटरवर पुन्हा पुन्हा उमटत असेल तर तो ड्रमवरचाच डाग, कारण ड्रमचा घेर तेवढा आहे. सगळं पान राखाडी दिसत असेल तर पावडर हलकी किंवा पेटी तुडुंब. कंपनी म्हणते बाहेरची पावडर मशीन बिघडवते. कधी कधी ते खरंही असतं.

पण ड्रम पावडरीच्या डब्यात कोणी बसवला? झिजणारा भाग आणि संपणारी पावडर एकाच खोक्यात घातली की पावडर संपली तरी सगळं खोकं नवं घ्यावं लागतं. याला तांत्रिक फायदे आहेत, ड्रम बदलायला मेकॅनिक लागत नाही. बांधून ठेवण्याचा फायदाही तितकाच आहे.

रिफिलवाल्याने इमारतीच्या हिशोबाचं काय केलं ते बघा. त्याने शाई पानाला १ रुपयाने दिली असं धरा. क्लास २,१०० चं मशीन घेतो आणि शाई गल्लीत भरतो. कंपनीचे १८,००० गेले, आणि मशीनवरचा १,४०० चा तोटा तेवढा हातात राहिला. सगळ्यात वाईट म्हणजे सगळ्यात मोठं गिऱ्हाईक सगळ्यात आधी पळतं. घराला महिन्याच्या ३० पानांसाठी रिफिलवाला शोधायची गरज वाटत नाही. क्लासला दुसऱ्याच महिन्यात वाटते.

ज्याच्यासाठी जाळं विणलं, तोच मासा पहिल्यांदा निसटला.

मग कंपन्यांनी काय केलं? आधी कुलूप घातलं. कार्ट्रिजला चिप लावली आणि मशीनला शिकवलं की ओळखीची चिप दिसली तरच छाप. सप्टेंबर २०१६ मध्ये जगभरातल्या अनेक एचपी ऑफिसजेट मशीनांनी एकाएकी बाहेरच्या कार्ट्रिज नाकारल्या. काल चालणारी कार्ट्रिज आज चालेना, कारण मशीनच्या आतलं सॉफ्टवेअर बदललं होतं. ओरड झाली, कंपनीने नीट न कळवल्याबद्दल माफी मागितली आणि ही अट काढणारं सॉफ्टवेअर ज्यांना हवं त्यांना दिलं. कुलूप कायमचं गेलं नाही. नव्या मशीनांच्या खोक्यावर ते आता आधीच बारीक अक्षरात सांगितलेलं असतं.

विकत घेतलेलं मशीन रात्रीत बदलतं, तर मालक नक्की कोण?

दुसऱ्या कंपनीने कायदा वापरून पाहिला. लेक्समार्कने टोनरच्या दोन किमती ठेवल्या. पूर्ण किमतीचा टोनर वाट्टेल तसा वापरा. सुमारे २० टक्के स्वस्तातला हवा असेल तर एकदाच वापरायचा आणि रिकामा आम्हालाच परत करायचा. इम्प्रेशन प्रॉडक्ट्स नावाच्या छोट्या कंपनीने ते रिकामे टोनर गोळा केले, भरले आणि विकले. लेक्समार्क पेटंटचा हक्क घेऊन कोर्टात गेली. ३० मे २०१७ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की वस्तू एकदा विकली की तिच्यावरचा पेटंटचा हक्क संपला. पुढे तिचं काय करायचं ते घेणारा ठरवेल. चिप लावायला मात्र त्या निकालाने बंदी केली नाही.

कायद्याने दार उघडलं, चिपने कडी लावली.

तिसरी वाट सर्वात शहाणपणाची निघाली, आणि ती आपल्यासारख्याच बाजारातून आली. इंडोनेशियात लोक इंकजेटला बाहेरून शाईच्या टाक्या जोडायचे. मशीनच्या बाजूला चार बाटल्या आणि त्यातून आत गेलेल्या नळ्या. आपल्याकडेही फोटो स्टुडिओत हे जुगाड सर्रास दिसायचं. एप्सनने २०१० मध्ये हाच जुगाड कारखान्यात बनवला. मशीनलाच टाकी, आणि शाई बाटलीतून ओतायची. पहिलं मशीन इंडोनेशियात आलं, मग भारतात, मग बाकी जगात. कॅनन आणि एचपी मागून आल्या.

किमती बघा, त्या थेट उलटल्या. टाकीवाला प्रिंटर साधारण दहा हजारांच्या पुढे, आणि शाईची बाटली काही शे रुपयांची. एप्सनची ००३ नंबरची काळी बाटली कंपनीच्या मोजणीने ४,५०० पानं देते. छोट्या काळ्या कार्ट्रिजकडे पाहा, तिच्यावर साधारण २०० पानांचा हिशोब असतो. कार्ट्रिजमध्ये पानाचा खर्च रुपयांत होता, टाकीत तो पैशांत आला.

शाई अचानक स्वस्त पिकायला लागली का? नाही. शाई आधीही स्वस्तच पडत होती. रिफिलवाल्याने खिळा उपटला, म्हणून नफा शाईतून उठला आणि मशीनमध्ये जाऊन बसला. आमचीच शाई घ्या असं बांधून ठेवणं जमत असेल तर मशीन स्वस्त, जमत नसेल तर मशीन महाग. दोन किमतींचं सगळं शास्त्र या वाक्यात मावतं.

आता अवघड प्रश्न. हे सगळं आपणहून, प्रामाणिकपणे कोणी का केलं नाही?

केलं होतं. कोडॅकने २००७ मध्ये अमेरिकेत नेमकं हेच केलं. मशीन थोडं महाग, शाई मुद्दाम स्वस्त, आणि जाहिरातीत सरळ सांगितलं की बाकीचे तुम्हाला शाईत धुतात. लोकांनी माना डोलावल्या आणि दुकानात जाऊन स्वस्त मशीन उचललं. कोडॅकने २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला आणि त्याच वर्षी घरगुती इंकजेट विकणं सोडत असल्याचं जाहीर केलं. दिवाळखोरीची कारणं मोठी होती, पण स्वस्त शाईने तिला वाचवलं नाही हेही खरंच.

कोडॅक हरली आणि एप्सन जिंकली, असं का? दोघींनी सांगितलं तर एकच. फरक गिऱ्हाइकात होता. जकार्ता आणि मुंबईच्या गिऱ्हाइकाला रिफिलवाल्याने पानाचा भाव आधीच शिकवला होता. ज्याला पानाचा भाव ठाऊक असतो, तो महाग मशीन घ्यायला घाबरत नाही. ज्याला ठाऊक नसतो, त्याला स्वस्त मशीन कायम पकडतं.

इथे कायद्याकडे वळावंच लागतं. आपल्या २००२ च्या स्पर्धा कायद्यात ‘टाय-इन’ला नाव घेऊन जागा दिली आहे, कलम ३(४). पण ते सरसकट बेकायदा नाही. बाजारातल्या स्पर्धेला त्याने खरोखर इजा होते का, ते आयोग बघतो. पाच-सहा कंपन्या प्रिंटर विकत असताना कोणाही एकीला हात लावणं सोपं नसतं. कंपनी म्हणते, आमची शाई महाग वाटते तर दुसऱ्याचा प्रिंटर घ्या.

आपल्या घरातल्या जुन्या जाणत्यांना जोडविक्रीचा दुसरा प्रकार चांगला आठवतो. गॅसचं कनेक्शन हवं? मग शेगडीही आमच्याकडूनच घ्या. तिथे गणित उलटं होतं. सिलिंडरची किंमत आणि एजन्सीचं कमिशन वरून ठरलेलं, त्यात पैसा वाढवता येत नाही. मग नफ्याला एकच जागा उरली, शेगडी. शेगडी घेणं सक्तीचं नाही, असं तेल कंपन्यांना पुन्हा पुन्हा सांगावं लागलं. एक किंमत सरकारने बांधली की बांधलेली हाव दुसऱ्या किमतीतून बाहेर पडते.

म्हणून ‘शाईची किंमत सरकारने ठरवावी’ ही मागणी मला पटत नाही. उद्या मशीन महाग होईल, एवढंच. शाई आमचीच वापरा या अटीवर सरसकट बंदी आणा म्हणणाऱ्यांनीही त्या ३० घरांचा विचार करावा. ज्याची पानं कमी, त्याला स्वस्त मशीन मिळणं हा काही गुन्हा नाही.

मग मागायचं काय?

उत्तर मोटारींच्या एका निकालात आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. मुद्दा सुट्या भागांचा होता. गाडी विकायची आणि सुटे भाग बाहेरच्या गॅरेजला मिळू द्यायचे नाहीत. कंपन्यांचं म्हणणं असं की गिऱ्हाईक गाडी घेताना पुढचा दुरुस्तीचा खर्चही धरूनच निवड करतं, त्यामुळे गाडी आणि भाग हा एकच बाजार माना. आयोगाने ते मानलं नाही. गाडीच्या सगळ्या आयुष्याचा खर्च आज मोजायला लागणारी माहितीच गिऱ्हाइकाकडे नसते, असं आयोगाचं म्हणणं. प्रकरण पुढे अपिलांत गेलं. मुद्दा मात्र तिथेच उभा आहे.

माहिती द्या, मग म्हणा दुसऱ्याचा प्रिंटर घ्या.

आणि ती माहिती नसते असं नाही. कंपनीकडे ती असतेच. एका कार्ट्रिजमध्ये किती पानं निघतात हे मोजण्याची आंतरराष्ट्रीय आयएसओ पद्धत ठरलेली आहे. ठरावीक नमुना पानं शाई संपेपर्यंत छापत जायची आणि मोजायची. त्यातून येणारा आकडा बहुतेक कार्ट्रिजच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर असतो. प्रश्न जागेचा आहे. तो कार्ट्रिजवर असतो आणि निर्णय होतो मशीनच्या खोक्यासमोर.

फ्रिजवर वर्षाला किती युनिट वीज लागेल ते स्टारच्या पट्टीवर छापलेलं असतं. फ्रिज घेतानाच कळतं की पुढे बिल किती येणार. मग प्रिंटरवर ‘एका काळ्या पानाचा खर्च इतका, रंगीत पानाचा इतका, सोबतच्या कार्ट्रिजमध्ये पानं इतकी’ या तीन ओळी का नकोत?

वेष्टनावर एकेकाचा भाव लिहिण्याची सोयही आपल्याकडे आहे. पॅकबंद मालाच्या नियमांत २०२१ साली झालेल्या दुरुस्तीने ग्रॅम, मिलीलिटर, मीटर किंवा नग यांप्रमाणे दर छापणं आलं. पण कार्ट्रिज नगावर विकली जाते. एका नगाचा दर म्हणजे तीच एमआरपी. नियम पाळला गेला आणि गिऱ्हाइकाला काहीच कळलं नाही! शाईचा नग पान हाच आहे. तो तसाच मोजा.

ही पट्टी येईल तेव्हा येईल. तोपर्यंत हिशोब आपणच करायचा, आणि तो अवघड नाही. एक कार्ट्रिजवाला प्रिंटर ४,००० रुपयांना आणि पान ४ रुपयांना, दुसरा टाकीवाला १२,००० रुपयांना आणि पान ३० पैशांना, असं धरा. मशीनच्या किमतीतला फरक ८,०००. पानामागचा फरक ३ रुपये ७० पैसे. भागाकार केला की साधारण २,१६० पानं येतात. त्याच्या वर छापणार असाल तर महाग मशीन स्वस्त पडतं. महिन्याला २०० पानं छापणारा क्लास ११ महिन्यांत तिथे पोहोचतो. महिन्याला ३० छापणाऱ्या घराला सहा वर्षं लागतात, आणि तेवढं मशीन टिकेल याची खात्री कोण देणार?

आणि ज्यांच्याकडे महिन्याला पाच-दहा पानांचंच काम आहे, त्यांनी इंकजेटच्या नादी लागूच नये. न वापरता ठेवलं की शाई नोझलमध्ये सुकते. मशीन ते साफ करायला स्वतःच शाई ओतून टाकतं, तीही आपल्याच पैशांची. कोरड्या पावडरीच्या लेझरला ही भानगड नाही. त्याहून बरं म्हणजे जिना उतरा आणि ५ रुपये द्या.

दुकानात गेलात की मशीनची किंमत सर्वात शेवटी विचारा. आधी विचारा, कार्ट्रिज केवढ्याला, त्यात पानं किती, चिप आहे का, आणि सोबत येते ती पूर्ण भरलेली आहे का. विक्रेत्याला उत्तर माहीत नसेल तर पुढच्या दुकानात जा. दहा गिऱ्हाइकांनी हेच चार प्रश्न विचारले की विक्रेता ते कंपनीला विचारतो, आणि कंपनी ते खोक्यावर छापते.

दोन किमती त्यांनी एकत्र ठरवल्या आहेत. आपण त्या एकत्रच वाचायच्या.